‘मेल्या’ म्हटल्याने कोण मेलं?

मराठीत ‘मेला’ हा शब्द दिवसाला जितक्या वेळा बोलला जातो, तितक्या वेळा कोणी मरत नाही. ‘ते मेलं दार नीट लागतच नाही.’ ‘मेल्या, एवढा वेळ होतास कुठे?’ ‘मी मेली काय सांगणार, तुम्ही शिकलेली माणसं!’ ही तिन्ही वाक्यं आमच्या घरातल्या बायकांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आले. दार लाकडाचं आहे, ते मरणार कसं? ज्याला ‘मेल्या’ म्हटलं, त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असतं. आणि स्वतःला ‘मेली’ म्हणणारी बाई पुढची दहा मिनिटं आपलं मत ठणकावून सांगणार असते. तरीही शब्दकोश उघडला की ‘मेला’ म्हणजे मृत. कोश खोटं बोलत नाही, पण शब्द तिथे काय काम करतो आहे, ते त्या अर्थावरून कळत नाही.

मी मराठीतून हिंदी आणि इंग्रजीत भाषांतरं करते. भाषांतरातला अवघड भाग कोणता असं कोणी विचारलं, तर लोकांना वाटतं मी ओव्या किंवा म्हणी असं काहीतरी सांगेन. ओवीला निदान वेळ देता येतो. ‘मेल्या’ला कोणी वेळ देत नाही, तो वाक्यातून सटकन निघून जातो. आणि त्याचं भाषांतर चुकलं तर चूक त्या शब्दापुरती राहत नाही, बोलणारं माणूसच बदलतं. ‘हे मृत माणसा, इतका वेळ कुठे होतास?’ असं इंग्रजीत लिहिलं की भाच्याची वाट पाहणारी मावशी एकदम चेटकीण होते. तळटीप देऊन ‘हा प्रेमळ शब्द आहे’ असं सांगितलं, तर वाचकाला आपण एखाद्या विचित्र जमातीचं प्रेम पाहतो आहोत असं वाटू लागतं. मावशीवर अन्याय दोन्हीकडून होतोच. म्हणून हा प्रश्न मला भाषेइतकाच नीतीचाही वाटतो. एखाद्या माणसाच्या रागाचं वजन किती होतं, हे दुसऱ्यापर्यंत खरं पोचवणं ही त्या माणसाबद्दलची जबाबदारी आहे.

शेजारच्या भाषांकडे पाहिलं की या शब्दाची जात ओळखू येते. जुन्या हिंदी-उर्दूत ‘मुआ’ आणि ‘मुई’ आहेत. अर्थ तोच, मेलेला. बोलणाऱ्या बहुतेक बायकाच. आणि वजनही जवळपास तेवढंच. बंगालीत ‘मुखपोडा’ आहे, म्हणजे तोंड जळालेला. हाही घरातल्या बायकांचा, लेकराला किंवा मांजराला रागे भरण्याचा शब्द. अर्थाने ‘मुआ’ ‘मेल्या’ला अधिक जवळचा, पण ‘मुआ’ आजच्या हिंदीत जुनाट झाला आहे, आणि मराठीत ‘मेला’ अजून पुष्कळ घरांत चालतो. म्हणजे अर्थ जुळला, वजन जुळलं, पण वय जुळलं नाही. इंग्रजीत दारासाठी ‘रेचेड’ चालतो. त्यात मरण कुठेच नाही, तरी वैताग नेमका तेवढाच आहे. मी तोच घेते, आणि मरण सोडून देताना मला काही चुकल्यासारखं वाटत नाही, कारण मूळ वाक्यातही ते नव्हतंच.

मग वजन मोजायचं कसं? त्याचा तराजू कोशात नसतो, पण तो गूढही नाही. मी तीन गोष्टी पाहते. पहिली, हा शब्द कोण कोणाला म्हणू शकतं. मध्यमवर्गीय घरांत मावशी भाच्याला ‘मेल्या’ म्हणते, भाचा मावशीला ‘मेले’ म्हणू शकत नाही. मालवणीत मात्र बाप्ये मित्राला खुशाल ‘मेल्या’ म्हणतात आणि कोणी वळून पाहत नाही. दुसरी गोष्ट, तो शब्द कोणासमोर बोलता येतो. देवघरात, पाहुण्यांसमोर, सासऱ्यांच्या कानावर पडेल असा बोलता आला, तर त्याचं वजन कमी. तिसरी आणि सगळ्यांत भरवशाची गोष्ट म्हणजे तो शब्द पडल्यावर पुढे काय होतं. ऐकणारा हसला, की गप्प झाला, की उठून उभा राहिला? शिवीचं माप शिवीत नसतं, पुढच्या ओळीत असतं.

याचं एक उदाहरण सावकाश सोडवून पाहू. समजा, कोकणातल्या एका गोष्टीत एक म्हातारा आहे. त्याचा नातू शिडी लावून फणसावर चढतो आहे. म्हातारा खालून ओरडतो, ‘अरे शिंच्या, पडशील की रे!’ ‘शिंच्या’ हा ‘शिंदळीच्या’चा आखूड झालेला अवतार. शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी. शब्दशः पाहिलं तर आजोबा नातवाच्या आईला, म्हणजे स्वतःच्या सुनेला किंवा लेकीला, व्यभिचारिणी म्हणतो आहे. आता पुढची ओळ पाहा. पोरगं खिदळतं, आजोबा शिडी धरून उभा राहतो, आणि अंगणात धान्य निवडत बसलेली पोराची आई मान वर करूनही पाहत नाही. तिघांपैकी कोणालाच तो अर्थ ऐकू आलेला नाही. हिंदीत इथे ‘हरामी’ टाकला तर पोराचं हसू खोटं वाटेल. ‘बदमाश’ बरोबर बसतो, कारण हिंदी घरांतले आजोबा तो शब्द याच कामाला वापरतात. इंग्रजीत ‘लिटल डेव्हिल’ चालेल. देवाधर्माचा सैतान तिथेही कोणाला ऐकू येत नाही.

पण हाच म्हातारा गोष्टीत पुढे चुलत भावाशी सामायिक बागेवरून भांडतो. बांधावर दोघं उभे आहेत, गडी पाहत आहेत. म्हातारा म्हणतो, ‘शिंच्या, कागद दाखव.’ शब्द तोच, माणूस तोच. पुढच्या ओळीत चुलत भाऊ काहीच बोलत नाही, पंचा झटकतो आणि निघून जातो. आठ दिवसांनी वाटणीच्या दाव्याचं समन्स येतं. इथे ‘बदमाश’ पुरणार नाही, कारण ‘बदमाश’ म्हटल्यावर कोणी कोर्टात जात नाही. इथे ‘हरामी’च हवा. म्हणजे मराठीतल्या एका शब्दाला हिंदीत दोन शब्द लागले. यात नुकसान आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मराठी वाचकाला फणसाखालचा ‘शिंच्या’ बांधावर पुन्हा ऐकू येतो आणि तोच शब्द किती फिरला हे त्याच्या ध्यानात येतं. हिंदी वाचकाला हा धागा मिळत नाही. तरी मी धागा सोडते आणि वजन ठेवते. धागा लेखकाच्या कसबाचा भाग होता, वजन त्या दोन भावांच्या आयुष्याचा भाग आहे.

शब्द आखूड होणं हीसुद्धा एक खूण असते. ‘शिंदळीच्या’चा ‘शिंच्या’ झाला, ‘तुझ्या आयला’चा ‘च्यायला’ झाला. ज्या शिवीचा खरा अर्थ सर्वांदेखत तोंडातून काढता येत नाही, तिची टोकं समाज हळूहळू झिजवतो आणि मग ती रोजच्या कामाला घेतो. ‘च्यायला’त ‘तुझ्या’ राहिलेलं नाही आणि क्रियापदही नाही. बस चुकली तरी ‘च्यायला’, लॉटरी लागली तरी ‘च्यायला’. आई आहे, पण ती कोणाचीच नाही. त्यामुळे तो शब्द कोणावर पडत नाही, नुसता हवेत सुटतो.

हे सगळं आपल्या पहिल्या भाषेत आपोआप कळतं, दुसऱ्या भाषेत मात्र मोजावं लागतं. त्याचं कारण अंगात आहे. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले, दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मन हललं की तळव्याला सूक्ष्म घाम येतो आणि ती वाढते. निषिद्ध शब्दांना मातृभाषेत अधिक प्रतिसाद मिळाला. लहानपणी आईबाप रागावताना जी वाक्यं म्हणतात, ‘लाज वाटत नाही का’ या जातीची, त्यांच्या बाबतीतही तेच झालं. इंग्रजीतली तीच वाक्यं कळत होती, पण अंगावर येत नव्हती. माझ्या कामासाठी यातली मेख सरळ आहे. दुसऱ्या भाषेतली शिवी मला नुसती कळते, ती मला लागत नाही. म्हणून माझा हात सैल सुटतो. इंग्रजी चित्रपट पाहून इंग्रजी शिव्या सहज वापरणारी, पण त्याच अर्थाची मराठी शिवी आजीसमोर मनातही न आणणारी आपली तरुण मुलं याच कारणाने बिनधास्त असतात. त्यांना वाटतं शब्द हलका आहे. हलकं त्यांचं कान असतं.

वजन जागेप्रमाणे बदलतं तसं काळाप्रमाणेही बदलतं, आणि याचा चोख पुरावा रंगभूमीवर आहे. बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’ १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर आलं. फुलं विकणारी एलायझा उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात, नव्याने घोटलेल्या शुद्ध उच्चारात, ‘ब्लडी’ हा शब्द बोलून जाते. त्या शब्दाने लंडनमध्ये खळबळ उडाली. वर्तमानपत्रांनी तो छापतानाही आढेवेढे घेतले. कोशात पाहिलं तर शब्दाचा अर्थ रक्ताळलेला, इतकाच. नाटकाचा विनोद सगळा त्याच्या वजनावर तोललेला होता. याच नाटकावरून १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका झाली. तोवर ‘ब्लडी’ गुळगुळीत झाला होता, त्याने कोणी दचकलं नसतं. म्हणून संगीतिकाकारांनी प्रसंग घोड्यांच्या शर्यतीवर नेला आणि एलायझाच्या तोंडी दुसरा, शरीराच्या मागच्या भागाचा, जास्त गावंढळ शब्द घातला. भाषा तीच होती, शहर तेच होतं, मुलगी तीच होती. तरी मूळ शब्दाशी इमान राखायचं म्हणून तो शब्दच बदलावा लागला. जुना शब्द ठेवला असता तर संहिता शाबूत राहिली असती आणि दचका गेला असता.

इथवर नियम सोपा वाटतो: अर्थ सोडा, वजन धरा. पण भाषांतरात चुकलं तर फार तर पुस्तक फसतं. मैदानावर किंवा कोर्टात वजन चुकलं तर माणूस शिक्षा भोगतो किंवा सुटतो. एकाच वर्षी, २००८ मध्ये, दोन निवाडे झाले, आणि शिव्यांबद्दल विचार करताना मी त्या दोन्हींकडे पुन्हा पुन्हा जाते.

पहिला क्रिकेटचा. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजन सिंग आणि सचिन तेंडुलकर फलंदाजी करत असताना हरभजन आणि अँड्र्यू सायमंड्स यांची बाचाबाची झाली. हरभजनने ‘मंकी’ म्हटलं असा ऑस्ट्रेलियाचा आरोप होता, हरभजनने तो नाकारला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोट्यांची बंदी घातली. अपिलाची सुनावणी महिनाअखेरीस ॲडलेडला न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे झाली. तिथे तेंडुलकरने सांगितलं की ऐकू आलं ते ‘तेरी माँ की’ असं होतं. हॅन्सन यांनी वांशिक शिवीगाळ सिद्ध झाली नाही असं म्हणून बंदी उठवली आणि अपमानास्पद बोलण्याबद्दल निम्म्या मानधनाचा दंड केला. त्याच कसोटीत ब्रॅड हॉगने भारतीय खेळाडूंना ‘बास्टर्ड’ म्हटल्याची तक्रार भारताने केली होती. ती पुढे भारताने मागे घेतली.

एका सामन्यात तीन शब्द आले, आणि कोशाने तिन्हींच्या बाबतीत हात टेकले. ‘बास्टर्ड’ म्हणजे अनौरस. ऑस्ट्रेलियन पुरुषांच्या बोलण्यात तो शब्द शत्रूलाही लागतो, जिवलग मित्रालाही लागतो, आणि मागे ‘पुअर’ जोडला की ‘बिचारा’ इतकाच उरतो. भारतीय कानाला मात्र तो थेट आईपर्यंत जातो, कारण आपल्या भाषांत त्या अर्थाचे शब्द अजून जिवंत आहेत आणि हाणामारीला पुरेसे आहेत. ‘तेरी माँ की’मध्ये एकही वाईट शब्द नाही. एक सर्वनाम, एक आई आणि एक षष्ठीचा प्रत्यय. जे वाईट आहे ते न बोललेल्या नामात आहे. रचना आपल्या ‘च्यायला’सारखीच, अर्धवट तोडलेली. पण ‘च्यायला’त ‘तुझ्या’ गळून गेलं आहे, इथे ‘तेरी’ शाबूत आहे, समोरच्या माणसाकडे बोट दाखवत उभं आहे. म्हणून ती शिवी अजून अंगावर जाते.

आणि ‘मंकी’. मराठीत ‘माकडा’ हा लाडाचा शब्द आहे; झोपाळ्यावरून उडी मारणाऱ्या पोराला कोणतीही आई तो म्हणते. आपल्याकडे मारुतीची देवळं गावोगाव आहेत, तेव्हा माकड म्हटल्याने कोणाचा काय अपमान, असा युक्तिवाद त्या दिवसांत पुष्कळांनी केला. पण सायमंड्स कॅरिबियन वंशाचा होता. काळ्या माणसाला माकड म्हणण्यामागे गुलामगिरीचा आणि तो माणूसच नाही असं ‘सिद्ध’ करणाऱ्या शास्त्राचा इतिहास आहे. आणि ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे तीनच महिने आधी, वडोदरा आणि मुंबईच्या सामन्यांत प्रेक्षकांतून त्याच्याकडे पाहून माकडाचे आवाज काढले गेले होते. मैदानावर नेमका कोणता शब्द उच्चारला गेला याचा निवाडा हॅन्सन यांनी दिला आहे, त्यात मी भर घालणार नाही. माझा मुद्दा त्या युक्तिवादाबद्दल आहे. ‘आमच्याकडे हा शब्द हलका आहे’ हे म्हणणं खरं असूनही उत्तर म्हणून खोटं आहे. सायमंड्स आमच्याकडच्या झोपाळ्यावर बसलेला नव्हता.

दुसरा निवाडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. दिल्लीतल्या एका माणसाला त्याच्या जातीच्या नावाने हाक मारून हिणवल्याचं ते प्रकरण होतं, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचं. जातीचं नाव हा शिवीचा शब्दच नाही, अशी सोय इथे कोशात तयारच असते. ते नाव सरकारी यादीत आहे, दाखल्यावर आहे, व्युत्पत्ती पाहिली तर ते एका कारागिराचं नाव आहे. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने हा रस्ता बंद केला. शब्दाचा व्युत्पत्तीचा अर्थ न पाहता वापराने त्याला आलेला अर्थ पाहायचा, आणि अपमानाच्या हेतूने ते नाव उच्चारलं असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, असं त्यात आहे. हे नाव मी इथे लिहिलेलं नाही. दाखल्यावर ते लिहिलं जातं आणि तिथे त्याचं वजन शून्य असतं. शिवीवरच्या लेखात ते उदाहरण म्हणून छापलं की त्याचं वजन मी कितीही म्हटलं तरी शून्य राहत नाही.

या दोन निवाड्यांमुळे माझा नियम मला अपुरा वाटू लागला. ‘अर्थ सोडा, वजन धरा’ हे बरोबर, पण वजन कोणाच्या तराजूत? आजवर मी बोलणारा आणि ऐकणारा एवढे दोघंच धरत होते. फणसाखाली आजोबा आणि नातू. पण अंगणात पोराची आई होती, आणि ‘शिंच्या’ हा शब्द बनला आहे तिच्यावरून. ती मान वर करून पाहत नाही हे खरं. पण तिच्याविषयी गावात खरोखरच कुजबुज असती, तर त्या दिवशी तिने मान वर केली असती आणि तोच हलका शब्द तिच्यापुरता शिडीवरून पडण्याइतका जड झाला असता. आपल्या कितीतरी सौम्य शिव्या अशाच तिसऱ्या माणसाच्या पाठीवरून जातात. पश्चिम महाराष्ट्रात ‘रांडेच्या’ हा मित्रामित्रांत गळ्यात हात टाकून बोलण्याचा शब्द आहे, आणि ‘रांड’ हा मुळात विधवेलाही लावला गेलेला शब्द आहे. कन्नडमध्ये ‘बोळी मग’ म्हणजे केशवपन केलेल्या बाईचा मुलगा. ती मात्र सौम्य नाही, चांगली जड शिवी आहे. दोन भाषा, दोन वजनं, पण दोन्हीकडे ज्या बाईवरून शब्द घडला ती भांडणात नसतेच. ती फक्त वापरली जाते.

म्हणजे शब्दाचा मेलेला अर्थ सगळ्यांसाठी मेलेला नसतो. ज्याच्यावरून तो घेतला, त्याच्या घरात तो जिवंत असू शकतो. बोलणाऱ्याने ‘मी गमतीत म्हटलं’ म्हणावं, ऐकणाऱ्यानेही ‘मला वाईट नाही वाटलं’ म्हणावं, तरी हिशेब पुरा होत नाही.

याचा अर्थ शिव्या धुऊन काढाव्यात असा मी घेत नाही. सोवळ्या भाषेतली माणसं खोटी वाटतात, आणि भाषांतरकाराला लेखकाची पात्रं सुधारण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही. मूळ लेखकाने एखाद्या पात्राच्या तोंडी जातीवरून शिवी घातली असेल, तर मी ती तितक्याच जड शिवीने देते. हलकी केली तर ज्याला ती लागली त्याची जखम मी लपवते आणि मारणाऱ्याला सोडवते. तिथे दयाळूपणा हा पक्षपात होतो.

पण उलट बाजू माझ्या हातात असते. मूळ शिवी हलकी आहे, कोणा तिसऱ्यावर पडत नाही, आणि तेवढ्याच वजनाचे माझ्या भाषेत दोन-तीन शब्द आहेत; त्यातला एक कोणाच्यातरी पाठीवरून जातो. अशा वेळी मी तो घेत नाही. एका इंग्रजी कथेत शाळकरी पोरं एका भित्र्या मित्राला ‘विंप’ म्हणतात. मराठी पोरं अशा वेळी ‘बायल्या’ म्हणतील, वजनाला तो अगदी बरोबर आहे. ‘भागूबाई’ही चालेल. पण दोन्हीत बाई असणं हीच शिवी आहे, आणि मुळात तसं काही नव्हतं. मी ‘शेळपट’ लिहिलं. शेळीला वाचता येत नाही. वजन दोन मासे कमी भरलं असेल, पण मूळ लेखकाच्या नावावर मी नवा अपमान जमा केला नाही.

एवढं झाल्यावर ‘मेल्या’कडे पाहिलं की त्या शब्दाबद्दल मला नवा आदर वाटतो. त्यात कोणाची आई नाही, जात नाही, कोणाचं व्यंग नाही. त्यात फक्त मरण आहे, आणि ते बोलणाऱ्यासकट सगळ्यांच्या वाट्याचं आहे. म्हणून तर ती बाई स्वतःलाही ‘मेली’ म्हणून घेते. तरी तोही बिनधोक नाही. ज्या घरातून नुकतीच तिरडी उठली आहे, त्या घरात आठ-पंधरा दिवस ‘मेल्या’ कोणाच्या तोंडातून येत नाही. आलाच तर बोलणारी जीभ चावते. तिला कोणी व्याकरण शिकवलेलं नसतं. घरात आज कोण बसलं आहे, एवढं तिला माहीत असतं.